मुलांचं प्रथमोपचाराचं नाटुकलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचवी ते आठवीच्या मुलांकडून आम्ही तीन प्रसंग करून घेतो: बारीकसारीक कापणं-खरचटणं, घोळणा फुटणं आणि चक्कर येऊन पडणं. शाळेतले शिक्षक, सोसायटीत शिबिर घेणाऱ्या ताई-दादा आणि पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे कोणत्या वयाच्या मुलांना जमतं? माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, चालेल का?

साधारण दहा ते चौदा. या वयात मूल घड्याळ बघून दहा मिनिटं एका जागी थांबू शकतं आणि फोनवर पत्ता नीट सांगू शकतं. आमच्या तिन्ही प्रसंगांत नेमकी हीच दोन कामं सगळ्यात जास्त लागतात. आठ वर्षांचं मूल बसू दे, पण त्याला एकच काम द्या: धावत जाऊन मोठ्या माणसाला बोलावणं. त्या वयात एवढं पुष्कळ झालं.

२. नाटुकलंच कशाला? तक्ता लावून समजावलं तर कळत नाही का मुलांना?

कळतं, पाठही होतं. "घोळणा फुटला तर काय करायचं?" असं विचारलं की सगळा वर्ग एका सुरात "पुढे वाकायचं" म्हणतो. पण त्याच वर्गात एखाद्याच्या नाकाखाली लाल रंग लावून त्याला बाकावर बसवलं, की शेजारचा मुलगा पहिल्यांदा त्याची हनुवटी वर उचलतो. घरात वर्षानुवर्षं तेच पाहिलेलं असतं. चूक हातात असते, ती हातानेच सुधारावी लागते.

दुसरं म्हणजे, आपल्याकडे कुणी पडलं की माणसं जमतात आणि प्रत्येकाकडे एक सल्ला असतो. या गर्दीला तोंड देणं तक्त्यावरून शिकता येत नाही. म्हणून आमच्या नाटुकल्यात गर्दी हे एक पात्रच आहे (प्रश्न ४).

३. तयारी काय लागते? खोटं रक्त कशाचं करायचं?

भिंतीवरचं किंवा हातातलं घड्याळ, दोन चटया, स्वच्छ सुती रुमाल, निर्जंतुक गॉजची पाकिटं, चिकटपट्ट्या, एक टोप, वाहतं पाणी आणि साबण. गॉज-पट्ट्या खऱ्याच वापरा. पाकीट फाडताना आतल्या गॉजच्या मधल्या भागाला बोट लावायचं नाही, हे खरं पाकीट हातात आल्याशिवाय कळत नाही.

रक्तासाठी अर्धा कप बिटाच्या रसात दोन चमचे कॉर्नफ्लोअर गुठळ्या न होता कालवा आणि मंद आचेवर दाट होईपर्यंत ढवळा. गार झाल्यावर वापरा. डाग पडतात, तेव्हा मुलांना जुने कपडे घालून बोलवा. हे नाकात घालायचं नाही, नाकपुडीच्या खाली वरच्या ओठावर फक्त बोटाने लावायचं. पहिल्या दिवशी रक्ताशिवायच करा, नाहीतर सगळा वेळ एकमेकांना रंगवण्यात जातो.

४. कोणाला कोणतं काम द्यायचं?

एका गटात पाच जण. एक जखमी, एक मदतनीस, एक निरोप्या (मोठ्यांना बोलावणारा, फोन करणारा), एक घड्याळवाला आणि एक बघ्या. मुलं जास्त असली तर बघे वाढवा, मदतनीस वाढवू नका.

बघ्याचं काम चुकीचे सल्ले ठासून देणं. "अरे, मान मागे कर!", "पाणी पाज त्याला!", "जखमेवर कॉफी दाब!" हे काम मुलं फार आवडीने करतात आणि घरात ऐकलेले सल्ले त्यातून आपोआप बाहेर येतात. ते ऐकून तुम्हालाही कळतं की उद्या कशावर बोलायला हवं. दर फेरीला कामं बदला. एकच हुशार मुलगी रोज मदतनीस होत असेल तर बाकीच्यांना काही शिकायला मिळत नाही.

एक नियम मात्र पक्का. खेळात "टाइमप्लीज" म्हटलं की सगळं तिथल्या तिथे थांबतं. जखमी झालेलं मूल "आई गं, दुखतंय" असं नाटकातही ओरडेल, म्हणून खरोखर काही झालं तर वेगळा शब्द हवा. मुलांना हा शब्द आधीच माहीत असतो, नवीन शिकवावा लागत नाही.

५. कापलं तर नेमकं काय-काय करायचं? क्रम सांगा.

प्रसंग असा घ्या: चित्रकलेच्या तासाला कर्कटकाचं टोक बोटाला लागलं. मदतनीस आधी आपले हात साबणाने धुतो. बोटातून रक्त गळत असेल तर स्वच्छ रुमाल किंवा गॉज घडी करून जखमेवर ठेवायचं आणि घट्ट दाबायचं. दाबायचं म्हणजे पाच मिनिटं सलग. मुलं दर वीस सेकंदांनी रुमाल उचलून "थांबलं का?" बघतात, आणि नुकती धरू लागलेली गुठळी त्या उचलण्याने निघते. म्हणून घड्याळवाला लागतो. रुमाल भिजलाच तर तो काढायचा नाही, त्याच्यावर दुसरा ठेवून दाबत राहायचं.

रक्त थांबलं की जखम नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायची. पिण्याचं स्वच्छ पाणी पुरतं, आजूबाजूच्या कातडीला साबण लावायचा. खरचटलं असेल आणि रक्त फक्त पाझरत असेल तर उलट करा: आधी धुणं, मग दाबणं. मैदानावर पडून गुडघ्यात माती-खडी गेली असेल तर ती पाण्याच्या धारेने निघेपर्यंत, चार-पाच मिनिटंसुद्धा, धुवावं लागतं. मग टिपून कोरडं करायचं आणि पट्टी लावायची. पट्टी ओली किंवा मळकी झाली की बदलायची.

स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या जखमेत ओतू नका. जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही ते इजा करतात, आणि एकदा आग झाली की पुढच्या वेळी मूल जखम दाखवायलाच येत नाही.

दहा मिनिटं नीट दाबूनही रक्त थांबलं नाही, जखमेच्या कडा उघड्या राहताहेत, चेहऱ्यावर किंवा सांध्यावर खोल लागलंय, बोट हलत नाही किंवा बधिर वाटतंय, तर हा प्रसंग मुलांच्या हातचा नाही. दाब तसाच ठेवून दवाखान्यात जायचं.

६. आमच्याकडे हळदच लावतात. त्यात काय वाईट आहे?

डब्यातल्या हळदीत काय-काय मिसळलंय आणि किती हात लागलेत ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून उघड्या जखमेत ती भरायची नाही. रक्त थांबतं ते बरोबर केलेल्या दाबानेच. कॉफी पूड, चुना, तंबाखू, टूथपेस्ट यांचंही तेच. शिवाय दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते बघण्याआधी हे सगळं खरवडून काढावं लागतं, आणि ते लागण्यापेक्षा जास्त दुखतं.

मुलांशी बोलताना आजीला चूक ठरवू नका. "आजीच्या काळी नळ आणि गॉज हाताशी नव्हतं, आपल्याकडे आहे" एवढं पुरतं.

७. दुसऱ्याच्या रक्ताला मुलांनी हात लावावा का?

शक्यतो नाही, आणि बहुतेक वेळा गरजही नसते. लागलेलं मूल शुद्धीवर असतं, त्याला दोन हात असतात. मदतनिसाने रुमाल द्यायचा आणि म्हणायचं, "तूच दाबून धर, मी वेळ बघतोय." घोळण्यातही तसंच, आपलं नाक आपणच दाबायचं. हे आम्ही मुद्दाम असं बसवलं आहे. स्वतः दाबताना दुखत असेल तर मूल हात थोडा सैल करतं आणि घाबरणंही कमी होतं.

लहान भावंड असेल आणि त्याला जमत नसेल, तर हातमोजे घालायचे. ते नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातात मोज्यासारखी घालून दाबायचं. आपल्या हातावर आधीच चीर किंवा फोड असेल तर दुसऱ्या कुणाला पुढे करायचं. शेवटी सगळ्यांनी साबणाने हात धुणं हा नाटुकल्याचाच भाग, पडदा त्यानंतर.

८. प्रत्येक वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला हवं का?

नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे दीड आणि पाच वर्षांच्या सुमारास त्रिगुणीचे बूस्टर आणि मग दहाव्या व सोळाव्या वर्षी टीडीची मात्रा असते. हे वेळेवर झालं असेल तर छोट्या स्वच्छ जखमेसाठी वेगळं इंजेक्शन लागत नाही. जखम खोल किंवा माती-शेणाने माखलेली असेल आणि शेवटच्या मात्रेला पाच वर्षं उलटली असतील, किंवा लसीकरणाचा पत्ताच नसेल, तर डॉक्टरांना विचारा. हा निर्णय मुलांचा नाही. त्यांनी फक्त "कशाने लागलं, कुठे लागलं" हे लक्षात ठेवून मोठ्यांना सांगायचं. "गंजलेला खिळा" आणि "स्वयंपाकघरातली सुरी" यांतला फरक डॉक्टरांना हवा असतो.

९. घोळण्याचा प्रसंग कसा बसवायचा? एक पूर्ण उदाहरण द्याल का?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रसंग, कारण दाखवायला थोडं आणि धीर धरायला खूप.

एप्रिलमधली दुपार, जिन्याखाली पत्ते चाललेत. ईशानच्या नाकातून रक्त येतं. बघ्या लगेच: "मान मागे टाक!" मदतनीस ओवी त्याला पायरीवर बसवते आणि म्हणते, "पुढे वाक, जमिनीकडे बघ." मग ती आपल्याच नाकावर दाखवते: वरचा हाडाचा भाग सोडून खालचा मऊ भाग, दोन्ही नाकपुड्या, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. ईशान तसं धरतो. "तोंडाने श्वास घे. तोंडात रक्त आलं तर गिळू नको, या टोपात थुंक." घड्याळवाला वेळ मोठ्याने सांगतो: "चार वाजून पाच मिनिटं. सव्वाचारपर्यंत सोडायचं नाही." निरोप्या ईशानच्या घरी वर जातो.

आता इथे नाटक थांबवायचं नाही. पूर्ण दहा मिनिटं सगळ्यांनी आपापलं नाक दाबून बसायचं. तिसऱ्या मिनिटाला हसू फुटतं, पाचव्याला "झाली ना दहा?" सुरू होतं, सातव्याला बोटं दुखतात आणि काहीजण हात बदलतात. हात बदलताना चिमटी सुटते, तेव्हा घड्याळ पुन्हा शून्यापासून! घरी घोळणा थांबत नाही म्हणून येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा एवढंच झालेलं असतं: दोन मिनिटं दाबलं, सोडून बघितलं, पुन्हा दाबलं. किंवा चिमटी हाडावर होती. नाकाच्या आतल्या पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागात बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, मुलांचं रक्त बहुधा तिथूनच येतं. दाब तिथे पोचायला हवा. हाड कितीही दाबलं तरी दबत नाही.

सव्वाचारला हळूच सोडायचं. थांबलं असेल तर त्या दिवशी नाक शिंकरायचं नाही, बोट घालायचं नाही, गरम चहा-दूध नाही, खाली वाकून खेळायचं नाही. थांबलं नसेल तर प्रश्न ११.

१०. पण घरातले मोठेच मान मागे करायला सांगतात, डोक्यावर पाणी ओततात. मुलाने काय करावं?

हा प्रश्न पालकांपेक्षा मुलंच जास्त विचारतात. मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, ते फक्त दिसेनासं होतं. घशातून पोटात जातं, मळमळतं, आणि मग रक्ताची उलटी बघून सगळं घर हादरतं. डोक्यावर गार पाणी, कांदा हुंगवणं याने आतल्या रक्तवाहिनीवर दाब येत नाही. दूर्वांचा रस, तूप किंवा कापूस रक्त येत असताना नाकात घालायचा नाही. कापूस काढताना खपली निघते आणि रक्त पुन्हा येतं.

मोठ्यांना उलटून बोलायला आम्ही शिकवत नाही, वाक्य शिकवतो. "काकू, दहा मिनिटं असंच धरायला शिकवलंय. तुम्ही घड्याळ बघता का?" घाबरलेल्या माणसाला काहीतरी करायचं असतं, त्याच्या हाताला काम दिलं की तो सल्ले द्यायचा थांबतो. आजोबा पाणी ओततच असतील तर ओतू दे, फक्त चिमटी सोडायची नाही आणि मान वर करायची नाही. नाटुकल्यात बघ्याला मुद्दाम काका-आजी करा आणि हे वाक्य प्रत्येकाकडून एकदा तरी म्हणवून घ्या.

११. दहा मिनिटांनंतरही रक्त येत असेल तर?

चिमटी योग्य जागी होती का ते बघून आणखी दहा मिनिटं. एकूण वीस मिनिटांनंतरही येत असेल तर दवाखाना. जाताना वाटेतही दाबून धरायचं.

काही वेळा वाट बघायचीच नाही: डोक्याला किंवा नाकावर जोराचा मार लागल्यावर आलेलं रक्त, नाक वाकडं दिसणं, रक्ताबरोबर पाण्यासारखा पातळ स्राव, घशातून भळाभळा रक्त, मूल पांढरंफटक पडणं. ज्या मुलाला रक्त न गोठण्याचा आजार आहे किंवा रक्त पातळ करण्याचं औषध सुरू आहे, त्याचा घोळणाही मोठ्यांनीच सांभाळायचा. आठवड्यातून अनेकदा फुटत असेल, किंवा त्याच्या जोडीला हिरड्यांतून रक्त येत असेल, अंगावर आपोआप काळेनिळे डाग येत असतील तर डॉक्टरांना दाखवून घ्या. एरवी उन्हाळ्यातली कोरडी हवा, सर्दी आणि नाकात बोट, ही तीनच कारणं वारंवार सापडतात.

१२. चक्कर येऊन पडण्याचं नाटक करताना मुलं धाडकन अंग टाकतात. काय करू?

पडायचंच नाही. नाटक सुरू होतं तेव्हा मूल आधीच चटईवर आडवं असतं. उभ्याने पडून दाखवलं तर डोकं आपटतं, आणि मग खरा प्रथमोपचार करावा लागतो. श्वास कोंडून किंवा भराभर श्वास घेऊन खरी भोवळ आणायचा "खेळ" काही मुलांना ठाऊक असतो. त्याला पहिल्याच दिवशी सक्त मनाई करा.

प्रसंग घ्या १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाचा: सकाळी काही खाल्लेलं नाही, बराच वेळ ताठ उभं राहिल्याने रक्त पायांत साचलं, मेंदूला क्षणभर कमी पडलं. खरं शिक्षण पडण्याच्या आधीच्या मिनिटाचं आहे. चेहरा पांढरा पडतो, कपाळाला गार घाम येतो, जांभया येतात, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात आवाज होतो. हे जाणवलं की लाज न बाळगता खाली बसायचं, जमल्यास आडवं व्हायचं. रांगेतून चालत वर्गाकडे निघायचं नाही, वाटेत जिन्यावर पडायला होतं. शेजारच्याला हे दिसलं तर त्यानेच धरून खाली बसवायचं.

पडलंच, तर मदतनीस खांद्यावर थोपटून मोठ्याने नाव घेतो, छाती वर-खाली होतेय का बघतो. श्वास नीट चालू असेल तर उताणं झोपवून पाय फूटभर वर, दप्तरावर. पट्टा, टाय, गळ्याजवळचं बटण सैल. बघ्यांना तीन पावलं मागे. साधी भोवळ असेल तर मूल एखाद्या मिनिटाच्या आत डोळे उघडतं. लगेच उठवायचं नाही: दहा मिनिटं आडवं, मग बसतं, मग उभं. घाईने उभं केलेलं मूल पुन्हा पडतं, आणि दुसऱ्यांदा पडतानाच दात तुटतात.

मानेला किंवा पाठीला मार लागल्यासारखं वाटत असेल तर पाय उचलायचे नाहीत, हलवायचंही नाही.

१३. तोंडावर पाणी मारू का? पाजू का? कांदा किंवा चप्पल हुंगवतात ते?

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. गिळण्याची शक्ती नसते, पाणी श्वासनलिकेत जातं. पूर्ण शुद्धीवर येऊन, बसून, स्वतःच्या हाताने पेला धरता आला की मग घोट-घोट पाणी आणि काहीतरी खाणं. तोंडावर पाणी मारणं, गालावर चापट्या, कांदा, चप्पल यांनी भोवळ लवकर उतरत नाही. उतरायच्या वेळेला ती उतरते आणि श्रेय कांद्याला मिळतं. रुमाल ओला करून कपाळ पुसलं तर हरकत नाही.

१४. भोवळ आणि फिट यांतला फरक मुलांना कसा सांगायचा?

भोवळीत मूल सैल पडतं. हात-पाय दोन-चार वेळा झटकू शकतात, पण काही सेकंदच, आणि जाग आल्यावर ते लगेच आपल्याला ओळखतं. फिटमध्ये अंग ताठ होतं, झटके मिनिटभर किंवा जास्त चालतात, आणि नंतर मूल बराच वेळ गोंधळलेलं, झोपाळलेलं असतं. कोणतं आहे हे ठरवणं मुलांवर टाकू नका. त्यांना एवढंच शिकवा: झटके येत असतील तर धरून ठेवायचं नाही, दातांत चमचा किंवा चावी घालायची नाही, आजूबाजूचे बाक-दगड बाजूला करायचे, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, घड्याळ लावायचं, झटके थांबले की कुशीवर वळवायचं. पहिल्यांदाच आलेली फिट किंवा पाच मिनिटांहून जास्त चाललेली फिट असेल तर १०८.

१५. खोटं रक्त बघूनच माझ्या मुलीला गरगरलं. तिला यातून काढू का?

काढू नका, काम बदला. रक्त बघून भोवळ येणं भित्रेपणाचं लक्षण नाही. काही जणांच्या शरीरात त्या क्षणी नाडी मंदावते आणि रक्तदाब उतरतो. आधी तिला आडवं करा, म्हणजे प्रश्न १२ तिच्यावरच लागू झाला. पुढच्या वेळी तिला निरोप्या किंवा घड्याळवाली करा आणि एक युक्ती शिकवा: गरगरायला लागताच हाताच्या मुठी, दंड, मांड्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सैल सोडायचे, पुन्हा आवळायचे. त्याने रक्तदाब टिकतो. आधी रंगाशिवाय, मग हातावर छोटा ठिपका, मग नाकाखाली, अशी पायरी-पायरीने वाढ करा.

१६. १०८ ला कधी फोन करायचा आणि मुलाने काय बोलायचं?

आधी जवळचं मोठं माणूस. ते नसेल किंवा प्रसंग मोठा असेल तर १०८ (रुग्णवाहिका) किंवा ११२. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास अडखळतोय, रक्त थांबत नाही, डोक्याला जोराचा मार लागलाय, अशा वेळी विचार करत बसायचं नाही. मूल श्वास घेत असेल पण शुद्धीवर नसेल तर फोन होईपर्यंत त्याला कुशीवर वळवून ठेवायचं. श्वास नसेल तर तिथे मोठं माणूसच हवं, फोनवरची व्यक्ती सांगेल तसं करायचं. छाती दाबण्याचा सराव जिवंत मुलावर कधीही करू नका, त्याला पुतळा लागतो.

नाटुकल्यात बंद फोनवर बोलायला लावा. "मी अमुक बोलतेय. इथे एक मुलगा बेशुद्ध पडलाय, वय बारा, श्वास चालू आहे." मग पत्ता: गाव किंवा पेठ, रस्ता, इमारत, आणि ठळक खूण, देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, काहीही. बरीच मुलं इथे अडकतात. सोसायटीचं नाव येतं, पण रस्त्याचं येत नाही. समोरचा "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही, आणि एकाने गेटपाशी जाऊन उभं राहायचं.

१७. पळताना पडलेल्या मुलालाही पाय वर करून झोपवायचं का?

झोपवा, पण ती साधी भोवळ समजू नका. उभं राहून, उपाशीपोटी, रक्त बघून आलेली चक्कर वेगळी आणि धावताना, पोहताना, खेळाच्या ऐन भरात पडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात हृदयाच्या ठोक्यांचा दोष असू शकतो. मूल मिनिटात उठून "मी ठीक आहे" म्हणालं तरी त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे. छातीत दुखलं होतं, धडधडलं होतं किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मधुमेह असलेल्या मुलाची साखर उतरली असू शकते. शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर-पाणी, नसेल तर तोंडात काही नाही आणि १०८. उन्हात पडलेलं मूल अंगाने तापलेलं आणि बरळत असेल तर तो उष्माघात: सावलीत आणा, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ लावा. इथे पाणी ओतायचं, भोवळीत नाही. मुलं या दोन्हींत घोटाळा करतात, म्हणून हे दोन प्रसंग एकाच दिवशी घेऊ नका.

१८. जखमेत काच रुतली असेल किंवा कुत्रा चावला असेल तर प्रश्न ५ चाच क्रम चालेल का?

नाही. रुतलेली काच, खिळा, काडी उपटायची नाही. बाहेर काढल्यावर आत अडलेलं रक्त सुटतं. वस्तूच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यायचा, वस्तूवर नाही, आणि दवाखान्यात जायचं. बोटात गेलेली बारीक कूस किंवा बाभळीचा वरवरचा काटा यात धरू नका, तो मोठ्यांनी चिमट्याने काढावा.

कुत्रा, मांजर, माकड चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम कितीही छोटी असो, नळाखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायची. मिरची, चुना, तेल काही नाही, घट्ट पट्टीही नाही. त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी सरकारी रुग्णालय किंवा डॉक्टर गाठायचे. मुलं अशी गोष्ट ओरडा बसेल म्हणून लपवतात, विशेषतः भटक्या पिल्लाशी खेळताना दात लागला असेल तर. म्हणून या प्रसंगात मदतनिसाला एक वाक्य ठरवून दिलं आहे: "तू सांगायचं नसलं तर नको सांगू, पण मी तुझ्या आईला सांगणार आहे." मित्राचं गुपित फोडायची परवानगी आमच्या नाटुकल्यात फक्त इथे आहे.